पॅनल विझतं, रुई का विझत नाही?

"सर, धरणगावजवळच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमच्या कंट्रोल रूमला एचएफसी-२२७इए गॅसची सिस्टीम बसवायचं चाललंय. विकणारा म्हणतो, हा गॅस ऑक्सिजन कमी करत नाही, आगीची साखळीच तोडतो. ही साखळी म्हणजे नेमकं काय? आणि गॅस एवढा जोरदार असेल तर रुईच्या हॉललाच का नको?"

भाऊ, विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट खरी आहे, पण ती दुसऱ्या गॅसची आहे. साखळी तोडण्यात नाव कमावलं ते हॅलॉन १३०१ ने. तुम्हाला देऊ करताहेत तो गॅस त्याच्याच भावकीतला, पण ज्या एका अणूमुळे हॅलॉनचा दरारा होता तो ब्रोमिन याच्यात नाही. हा फरक कळला की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही अर्धंअधिक मिळून जातं.

आधी साखळी. डिझेल असो, केबलचं प्लास्टिक असो की घरचा गॅस, ज्योतीत इंधनाचा रेणू आणि ऑक्सिजनचा रेणू थेट एकमेकांना भिडून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होत नाहीत. ते काम मधले दलाल करतात. हायड्रोजनचा सुटा अणू H, ऑक्सिजनचा सुटा अणू O आणि हायड्रॉक्सिल OH. यांनाच फ्री रॅडिकल, म्हणजे मुक्त मूलक म्हणतात. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन घेऊन फिरत असल्यामुळे समोर येईल त्या रेणूचा लचका तोडायला ते टपलेले असतात. ज्योतीत त्यांचं प्रमाण थोडं आणि एकेकाचं आयुष्य अगदी क्षणभराचं, पण ज्योत चालते ती त्यांच्यावरच.

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही:

H + O₂ → OH + O

एक रॅडिकल आत गेलं, दोन बाहेर आली. पुढे O एखाद्या हायड्रोजन रेणूला भिडतो आणि त्यातून OH व H निघतात. प्रत्येक OH आणखी एका हायड्रोजन रेणूला भिडून पाणी बनवतो आणि H मोकळा करतो. सगळी बेरीज मांडली तर असं दिसतं:

H + O₂ + 3H₂ → 2H₂O + 3H

एका H चे तीन झाले. आपल्याकडे केळीच्या बुडाशी पिलं फुटतात, त्यातला प्रकार. एक खोड ठेवलं तर बघता बघता बुडाशी गर्दी होते. ज्योतीत हे फाटे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत फुटतात. तेलाच्या किंवा प्लास्टिकच्या ज्योतीत इंधनाचे मोठे रेणू तुटून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या मोनॉक्साइडला OH भिडला की कार्बन डायऑक्साइड होतो, उष्णतेचा मोठा वाटा तिथे सुटतो, आणि बदल्यात पुन्हा एक H मिळतो. रॅडिकलची ही अशी साखळी, जिला फाटे फुटत राहतात, तिच्या अभ्यासासाठी सेमेनॉव्ह आणि हिन्शेलवुड यांना १९५६ चं नोबेल मिळालं.

आता या पिलांच्या गर्दीला नैसर्गिक आळाही आहे. H आणि O₂ एकमेकांना भिडताना शेजारी नायट्रोजनसारखा एखादा बघ्या रेणू असेल आणि त्याने जादा ऊर्जा पळवली, तर OH आणि O ऐवजी HO₂ तयार होतो. तो तुलनेने सुस्त असतो, त्यामुळे फाटा फुटत नाही. फाटा फुटण्याच्या पायरीला बाहेरून ऊर्जा लागते, मोलला सुमारे ७० किलोज्यूल. म्हणून तापमान उतरलं की फाटे झपाट्याने मंदावतात. आळा घालणाऱ्या पायरीला मात्र ही अडचण नाही. ज्योत म्हणजे या दोघांची रस्सीखेच. साध्या इंधनाची ज्योत १,९०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. ती १,२०० ते १,३०० पर्यंत उतरवली की रस्सी दुसऱ्या बाजूला जाते आणि ज्योत मरते. शून्याला आणायची गरज नाही. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

हॅलॉन १३०१ म्हणजे CF₃Br. नावातले आकडे ओळीने कार्बन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन यांची संख्या सांगतात: एक, तीन, शून्य, एक. ज्योतीच्या उष्णतेत या रेणूतला कार्बन-ब्रोमिन बंध सगळ्यात आधी तुटतो. सुटलेला ब्रोमिन इंधनातून हायड्रोजन उचलून HBr होतो आणि मग हे चक्र सुरू होतं:

H + HBr → H₂ + Br
Br + Br + M → Br₂ + M
H + Br₂ → HBr + Br

M म्हणजे मघाचा तोच बघ्या रेणू. तिन्ही ओळींची बेरीज केलीत तर दोन H एकत्र येऊन निमूट H₂ झाले एवढंच उरतं. HBr जसाच्या तसा परत आला. पिलं कापणारा विळा बोथट न होता पुढच्या खोडाकडे गेला म्हणा ना. एक ब्रोमिन अणू ज्योतीतून वाहून जाईपर्यंत एकापेक्षा जास्त रॅडिकलांचा निकाल लावतो. उत्प्रेरक म्हणतात ते हेच, फक्त इथे तो आग पेटवायला नाही, विझवायला राबतो.

आता कळीचा मुद्दा. हेच काम फ्लोरिन का करत नाही? बंधांचा हिशेब मांडून बघा. H–Br बंध तोडायला मोलला सुमारे ३६६ किलोज्यूल लागतात आणि H–H बंध बनताना ४३६ मिळतात. म्हणजे H ने HBr ला धडक दिली की ७० चा नफा. क्रिया पळतच होणार. क्लोरिनचा बंध ४३१ चा, नफा जेमतेम ५. क्रिया पुढे जाते तशी मागेही येते, म्हणून क्लोरिन हा कमजोर गडी. फ्लोरिनचा बंध मात्र ५७० चा. तिथे ४३६ मिळवायला ५७० मोजावे लागतात, १३४ चा तोटा. त्यामुळे फ्लोरिनने एकदा हायड्रोजन धरला की HF बनून तो कायमचा बसून राहतो. एक पील कापलं आणि विळा त्याच खोडात अडकला. साखळी तिथे एकदा तुटते, पण चक्र फिरत नाही.

तुमचा एचएफसी-२२७इए म्हणजे CF₃CHFCF₃. सात फ्लोरिन, ब्रोमिन एकही नाही. तो आग विझवतो हे खरं, पण मुख्यतः उष्णता शोषून. मोठा, बऱ्याच अणूंचा रेणू आहे, तापताना आणि तुटताना भरपूर उष्णता पितो, आणि ज्योत त्या १,२००-१,३०० च्या उंबरठ्याखाली ढकलतो. रॅडिकल पकडण्याचा त्याचा वाटा आहे, पण लहान. म्हणून प्रमाणं बघा. प्रयोगशाळेतल्या कप बर्नरमध्ये हेप्टेनची ज्योत विझवायला हॅलॉन १३०१ हवेच्या सुमारे ३ टक्के पुरतो. एचएफसी-२२७इए साडेसहा टक्क्यांच्या वर लागतो. कार्बन डायऑक्साइड २० च्या आसपास, नायट्रोजन ३० च्या. तीन टक्के हॅलॉनने खोलीतला ऑक्सिजन २०.९ वरून २०.३ वर येतो, माणसाला फरकही जाणवत नाही. ऑक्सिजन कमी न करता विझवतो हे वाक्य जन्मलं ते इथे, आणि मग ते वारसाहक्काने सगळ्या गॅसना चिकटलं.

मग हॅलॉनच का नाही देत? ज्या गुणामुळे ब्रोमिन ज्योतीत वारंवार काम करतो, त्याच गुणामुळे वरच्या वातावरणात तो ओझोन वारंवार मोडतो. ओझोनची हानी मोजताना सीएफसी-११ ला १ धरतात, त्या मापात हॅलॉन १३०१ दहा. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर विकसित देशांत हॅलॉनचं उत्पादन १९९४ पासून बंद झालं आणि आपल्यासारख्या देशांत २०१० पासून. विमानांच्या मालकक्षात तो अजून आहे, जुना साठवलेला माल फिरवून वापरतात. तुम्हाला कोणी 'भरून देतो' म्हणालं तर दारातूनच परत पाठवा.

आता तुमच्या खोलीचा हिशेब. तुम्ही माप दिलं नाही, म्हणून मी पाहिलेल्या एका खोलीचं घेतो: पाच मीटर बाय चार, उंची तीन, म्हणजे ६० घनमीटर. सूत्र असं:

W = (V/S) × C/(100 − C)

V म्हणजे खोलीचं घनफळ, C हवं असलेलं टक्केप्रमाण, S म्हणजे एक किलो गॅस वाफ होऊन किती घनमीटर जागा घेतो तो आकडा. २० अंशाला एचएफसी-२२७इए साठी S सुमारे ०.१३७ धरा. ८ टक्के हवेत तर W येतं ३८ किलो. हॅलॉन १३०१ ला त्याच खोलीत ५ टक्के धरले तरी २० किलोत भागलं असतं. ब्रोमिन नसल्याची किंमत ही अशी वजनात मोजता येते. आपल्या मे महिन्याचंही बघून घ्या. एसी बंद पडून खोली ४५ अंशावर गेली तर गॅस जास्त फुलतो, S ०.१५ होतो आणि तेच ३८ किलो पावणेनऊ टक्क्यांच्या जवळ जातात. माणसासाठी ९ टक्के ही सुरक्षित समजली जाणारी मर्यादा आहे. म्हणून 'दोन-चार किलो जास्तच टाका भाऊ' हा आपल्याकडचा उदार स्वभाव इथे चालत नाही.

ती ६० घनमीटरची खोली चोपड्याकडच्या एका जिनिंगमधली. नाव सांगत नाही. हंगाम भरात होता, रात्रपाळी सुरू होती. मुख्य पॅनलमधला केबलचा एक लग सैल राहिला होता, तिथे ठिणगी पडत राहिली आणि इन्सुलेशन पेटलं. दोन्ही डिटेक्टर वाजले, तीस सेकंदांचा भोंगा झाला, गॅस सुटला. ऑपरेटरने काचेतून पाहिलं, ज्योत दहाएक सेकंदांत गेली. गॅसने आपलं काम चोख केलं होतं. सात मिनिटांनी पॅनलच्या माथ्यावर, बसबार जिथे असतात तिथे, पुन्हा ज्योत दिसली.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा सगळ्यांचं ठरलेलं होतं की सिलिंडर अर्धं रिकामं होतं. तसं नव्हतं. दोन गोष्टी राहून गेल्या होत्या. एक म्हणजे गॅस सुटताच वीज तोडणारी शंट ट्रिपची वायर टर्मिनलपर्यंत आणून गुंडाळून ठेवलेली होती, जोडलीच नव्हती. सैल लग तापतच राहिला, गरम प्लास्टिकमधून जळाऊ वाफ निघतच राहिली. गॅस ज्योत मोडतो, तापलेलं तांबं थंड करत बसत नाही. ठिणगी चालू असेल तोवर प्रमाण टिकवून धरणं एवढाच त्याचा उपाय.

आणि प्रमाण टिकलं नाही, ही दुसरी गोष्ट. आठ टक्के एचएफसी-२२७इए असलेली हवा साध्या हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असते. खोलीच्या तळातून केबल ट्रेंच भिंतीखालून थेट प्रेस हॉलकडे जात होती आणि तिचं तोंड सील केलेलं नव्हतं. पाण्याची टाकी खालून गळावी तशी गॅसची हवा ट्रेंचमधून निघून गेली आणि वरून साधी हवा उतरत आली. म्हणून आग परत पेटली ती पॅनलच्या माथ्यावर. पुन्हा पेटलेली जागा नेहमी नीट बघा. वर पेटली असेल तर गळती खाली आहे. मूळ जागीच लगेच पेटली असेल तर वीज तोडली गेलेली नाही. तिथे दोन्ही दोष होते.

दार उघडून आत गेलेल्या दोघांचे डोळे आणि घसा चांगलाच चुरचुरला. तो HF, मघाशी सांगितलेला अडकलेला विळा. ज्योत जितकी मोठी आणि गॅस जितका सावकाश सुटेल तितका तो जास्त बनतो, म्हणूनच सगळा गॅस १० सेकंदांत सुटला पाहिजे असा दंडक आहे. HF हवेत ३० पीपीएमला पोचला तरी जिवाला धोका मानतात. पुढच्या दोन आठवड्यांत रिलेचे संपर्क गंजले. मालकांचा गॅसवर राग होता, पण मी म्हटलं जरा थांबा. पीव्हीसी केबल जळली की HCl निघतोच आणि तोही असाच गंज आणतो. दोघांत फरक करायचा तर मीटरच्या काचा बघा. HCl काचेला काही करत नाही, HF काच खातो. वरच्या रांगेतल्या तीन मीटरच्या काचा पुसूनही धुरकटच राहिल्या, खालच्या स्वच्छ निघाल्या. म्हणजे HF बनला होता, पण मुख्यतः दुसऱ्या वेळच्या आगीत, जेव्हा गॅस आग विझवायला अपुरा आणि तुटायला पुरेसा उरला होता. अपुरा गॅस हा नसलेल्या गॅसपेक्षा बरा, असं समजू नका. विमानांसाठी झालेल्या चाचण्यांमध्ये हॅलॉनच्या काही पर्यायांनी कमी प्रमाणात स्फोटाचा दाब उलट वाढवला आहे. गरम ज्योतीत ते रेणू स्वतःच थोडंफार इंधन ठरतात.

या प्रकरणातली तिसरी गोष्ट तुमच्या रुईच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पॅनल दुसऱ्यांदा विझवल्यावर पहाटे ट्रेंचच्या झाकणाखालून धूर यायला लागला. आत वर्षानुवर्षांचा कापसाचा भुगा साठला होता आणि तो धुमसत होता. त्या रात्री सगळ्यात जास्त गॅस याच ट्रेंचमधून वाहून गेला होता, तरी त्याला धक्का नव्हता.

कारण धुमसणाऱ्या कापसात ज्योतच नसते. तंतू आधी काळा पडतो, कोळसा होतो, आणि ऑक्सिजन येऊन त्या घन कोळशाच्या पृष्ठभागावरच जळतो. तापमान असतं पाचशे-सहाशे अंशांच्या आसपास. मघाशी म्हटलं की ज्योत १,२०० च्या खाली टिकत नाही. इथे ती कधी नव्हतीच. हवेत उडणाऱ्या H आणि OH ची साखळी नाही, त्यामुळे ब्रोमिनला पकडायला काही नाही, आणि एचएफसी-२२७इए ची उष्णता पिण्याची ताकदही तंतूंच्या आतल्या निखाऱ्यापर्यंत पोचत नाही. कापूस स्वतःच उत्तम उष्णतारोधक आहे, रजईत आपण तेच वापरतो. हॅलॉनच्या चांगल्या दिवसांतही अशा खोल आगीला नेहमीच्या कित्येक पट प्रमाण आणि बराच वेळ कोंडून ठेवणं लागे, ते कोणाच्या खिशाला परवडत नसे.

१७० किलोची दाबलेली गाठ घ्या. डबल रोलर जिनवर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, ठिणगी उडाली, रुईबरोबर प्रेसमध्ये गेली आणि गाठ बांधली गेली. बाहेरून काही दिसत नाही. आत तंतूंमध्ये अडकलेली हवा निखाऱ्याला दिवसेंदिवस पुरते. वरून तुम्ही कुठलाही गॅस सोडा, वरची ज्योत जाईल आणि आतलं चालू राहील. अशी गाठ ओळखायची ती वासावरून, पट्टीजवळ हात ठेवून जाणवणाऱ्या उबेवरून आणि तपकिरी पडलेल्या कपड्यावरून. उपाय एकच, उघड्या मैदानात नेऊन पट्ट्या तोडायच्या, गाठ फोडायची आणि आत मुरेल असं पाणी. साधं पाणी कापसाच्या मेणचट तंतूवरून घरंगळतं, म्हणून पाण्यात ओलं करणारं द्रव्य घालतात. ती गाठ परत गोदामात नेऊ नका, चार-पाच दिवस वेगळी ठेवून रोज बघा.

त्यामुळे रुईच्या हॉलला गॅस नको. तिथला खर्च जिनच्या आधीच्या चुंबकावर आणि ठिणगी पकडणाऱ्या डिटेक्टरवर करा, आणि हॉलभर हायड्रंट आणि होज रील ठेवा. कंट्रोल रूमला मात्र गॅस जरूर बसवा. तिथली आग ज्योतीची असते, धुमसणाऱ्या रुईची नाही, आणि तिथे पाणी किंवा पावडर मारून पॅनलचा सत्यानाश करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पावडरबद्दल जाता जाता एवढंच, ती रॅडिकल पकडण्यात या गॅसपेक्षा सरस आहे, पण रिलेमधून तिला बाहेर काढता काढता हंगाम संपतो.

सह्या करण्याआधी विकणाऱ्याकडून दोन कागद मागा. पहिला डोअर फॅन चाचणीचा अहवाल. दारात पंखा बसवून खोलीची गळती मोजतात आणि त्यावरून तुमच्या सगळ्यात उंच पॅनलच्या माथ्यापर्यंत गॅस किती मिनिटं टिकेल ते काढतात. दहा मिनिटांपेक्षा कमी आलं तर आधी ट्रेंचची तोंडं आगरोधक सीलंटने बुजवा, एसीच्या डक्टला आपोआप बंद होणारा डँपर लावा आणि मग पुन्हा मोजायला सांगा. दुसरा कागद शंट ट्रिपच्या चाचणीचा. तो नुसता वाचून ठेवू नका. सिलिंडरचा अॅक्ट्युएटर काढून ठेवून दोन्ही डिटेक्टरला धूर द्या आणि ब्रेकर खरंच पडतो का ते पॅनलसमोर उभं राहून बघा.